अंगावर पाजताना पाळणा लांबवायचा तर काय वापरावं आणि कधीपासून

बाळंतीण माहेरी शेक-शेगडी करून सासरी परतली की तिला हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं: "अंगावर पाजतेस ना, पाळी आली नाही ना, मग काही होत नाही." यातलं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच त्यावर विसंबून पुष्कळ जणींना पहिलं मूल रांगायच्या आत पुन्हा दिवस जातात. माझी दोन्ही बाळंतपणं सोलापुरात झाली. दोन्ही वेळा मला ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली: थोडी नर्सबाईंकडून, थोडी आशाताईंकडून, उरलेली डॉक्टरांना खोदून खोदून विचारल्यावर. ती सलग लिहिलेली असावी असं तेव्हापासून वाटत होतं, म्हणून हा लेख. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे आणि अंगावर पीत आहे, अशा आईसाठीच तो आहे.

१. आधी बाळाचं वय आठवड्यांत मोजा

कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न इथे दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो की आज बाळंतपणाला किती दिवस झाले. एकच साधन दुसऱ्या दिवशी चालतं, तिसऱ्या आठवड्यात चालत नाही आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा चालतं.

कॅलेंडर घ्या आणि त्यावर तीन खुणा करा. पहिली ४८ तासांची. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाळंतपणाबरोबरच बसवायची असेल तर ती एवढ्या वेळात बसवतात. दुसरी खूण ६ आठवड्यांची. तोवर गर्भाशय मूळ आकाराला आलेलं असतं, आईच्या रक्तात गुठळ्या होण्याचा बाळंतपणानंतरचा वाढीव धोका बराचसा ओसरलेला असतो आणि बाळही थोडं मोठं झालेलं असतं. तिसरी खूण ६ महिन्यांची, म्हणजे साधारण उष्टावणाची.

६ आठवड्यांची खूण विसरायची नसेल तर एक सोपा उपाय आहे. बाळाचा दीड महिन्याचा डोस त्याच सुमारास असतो, आणि पुढचे १० आणि १४ आठवड्यांना. बाळाला लस द्यायला जाल त्याच दिवशी स्वतःसाठीही केसपेपर काढा. मुलाला घेऊन पुन्हा वेगळी चक्कर मारणं त्या दिवसांत किती जड जातं, हे बाळंतिणीला सांगायला नको.

२. आईचं दूध गर्भनिरोधक कधी असतं आणि कधी नसतं

बाळ स्तन ओढून पितं तेव्हा त्या ओढीचा संदेश आईच्या मेंदूपर्यंत जातो. मेंदूकडून अंडाशयाला जाणारी सूचना त्यामुळे मंदावते आणि बीज तयार होऊन बाहेर पडत नाही. म्हणजे काम करते ती बाळाची ओढ, आणि तीही दिवसरात्र, थोड्या थोड्या वेळाने. ओढ कमी झाली की संरक्षण कमी होतं, मग दूध कितीही येत असो.

म्हणून तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं. पाळी परत आलेली नसावी. आणि बाळ फक्त अंगावर पीत असावं. दिवसा दोन पाजण्यांत ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. एवढं नेमकं पाळलं तर १०० जणींपैकी जेमतेम एकीला त्या सहा महिन्यांत दिवस जातात, सर्वसाधारण वापरात दोघींना. हा आकडा चांगलाच आहे. मात्र तिन्हीतली एकही अट सुटली की तो तुम्हाला लागू होत नाही.

आपल्याकडे अटी कुठे सुटतात ते सांगते. सगळ्यात आधी पाणी. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, आणि घरातलं प्रत्येक मोठं माणूस म्हणतं, "पोराचा घसा सुकत असेल, दोन चमचे पाणी पाजा." सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरच्या पाण्याची गरज नसते, दुधातलं पाणी पुरतं. ऊन वाढलं की बाळाला जरा जास्त वेळा अंगावर घ्यायचं, एवढंच. दोन चमच्यांनी लगेच दिवस जातात असं नाही, पण दोनाचे दहा होतात, त्यात गुटी येते, मग रात्री आईला झोप मिळावी म्हणून एक बाटली वरच्या दुधाची, आणि बाळ तेवढ्या वेळा स्तनाकडे वळत नाही.

दुसरी जागा कामावर परतण्याची. दूध काढून ठेवलं तर बाळाचं पोट भरतं, पण हाताने किंवा पंपाने काढणं म्हणजे बाळाची ओढ नव्हे. त्यामुळे काढून ठेवलेल्या दुधावर दिवस निघत असेल तर केवळ या पद्धतीवर राहू नका.

तिसरी गोष्ट पाळीची. "पाळी आली की बघू" असं जवळपास सगळ्याच जणी म्हणतात. पण पाळी येते ती बीज सुटल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच सुटू शकतं, आणि त्याच वेळी गर्भ राहिला तर मधे पाळी दिसतच नाही. अशा बाईला तीन-चार महिने कळतसुद्धा नाही, कारण पाळी नसण्याचं कारण ती दूध पाजणं हेच धरून बसलेली असते. उलट बाजूने, पहिल्या ८ आठवड्यांत जे अंगावरून जातं ते पाळीत धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस रक्तस्राव झाला तर मात्र पाळी परत आली असं समजा आणि त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरा.

आणि चौथी जागा उष्टावण. त्या दिवशी बाळ खिरीचं बोट चाटतं आणि दुधाच्या भरवशाची मुदत संपते. दुसरी पद्धत त्याच्या आधी सुरू झालेली असली पाहिजे.

३. "शंभरातल्या किती" हा आकडा कसा वाचायचा

दुधाचा आकडा सहा महिन्यांचा होता. बाकी पद्धतींचे आकडे वर्षाचे असतात: १०० जणींनी वर्षभर ती पद्धत वापरली तर कितीजणींना दिवस जातात. काहीच वापरलं नाही तर हा आकडा ८५च्या आसपास येतो. त्याच्याशी ताडून पाहिलं की फरक कळतो.

प्रत्येक पद्धतीला दोन आकडे असतात, एक अगदी चोख वापराचा आणि एक माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात त्याचा. निरोध चोख वापरला तर १०० पैकी २, प्रत्यक्षात १३. रोजच्या गोळ्या प्रत्यक्षात ७. अंतरा इंजेक्शन वेळेवर घेतलं तर एकाहूनही कमी, तारखा चुकतात म्हणून प्रत्यक्षात ४. तांबीचे दोन्ही आकडे एकाच्या आतले आणि जवळजवळ सारखे आहेत, कारण ती बसवल्यावर रोज आठवण ठेवावी लागत नाही.

ज्या पद्धतीत दोन आकड्यांतलं अंतर मोठं, ती पद्धत तुमच्या आठवणीवर आणि सवडीवर चालते. तान्ह्या बाळाच्या आईला झोप नाही, जेवायला वेळ नाही. अशा काळात आठवणीवर कमीत कमी भार टाकणारी पद्धत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

४. दुधाला चालतात अशा पद्धती

*तांबी.* तांब्याचे सूक्ष्म कण गर्भाशयात उतरतात आणि त्यात शुक्रजंतू निकामी होतात. यात हार्मोन नाही, त्यामुळे दुधावर परिणाम होण्याचा प्रश्नच नाही. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात, एक १० वर्षांचा (३८० ए) आणि एक ५ वर्षांचा (३७५). काढली की लगेच दिवस राहू शकतात.

बाळंतपणातच बसवायची असेल तर ते कळा सुरू होण्याआधी, नववा महिना लागण्याच्या सुमाराला ठरवा आणि कार्डावर लिहून घ्या. कळांच्या मधे विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार हा खरा होकार नसतो. सीझर असेल तर वार काढल्यावर, गर्भाशय शिवण्याआधी तांबी ठेवतात. पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त झाले असतील, ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या वेळी बसवत नाहीत. मग ६ आठवड्यांनी बसवतात. मधल्या काळात, म्हणजे तिसऱ्या दिवसापासून दीड महिन्यापर्यंत, बसवून घेऊ नका.

बाळंतपणात बसवलेली तांबी नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त वेळा सरकते किंवा पडते. म्हणून दीड महिन्याला तपासणी चुकवू नका. दोरा दिसत नाही म्हणजे पडलीच असंही नाही, सीझरनंतर दोरा खाली यायला वेळ लागतो. सोनोग्राफीत ती जागेवर आहे का ते कळतं. तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. घरी सोडताना मिळालेलं डिस्चार्ज कार्डही नीट वाचा, तांबी बसवल्याची नोंद, प्रकार आणि तारीख त्यावर असली पाहिजे.

सुरुवातीच्या काही महिन्यांत पाळी जास्त जाते आणि पोटात दुखतं, हा तांबीचा खरा त्रास. आधीच रक्त कमी असलेल्या बाईने डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

*अंतरा.* दर ३ महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी केंद्रात मोफत. ते बीज सुटू देत नाही. यातलं हार्मोन प्रोजेस्टिन जातीचं आहे, इस्ट्रोजेन नाही, म्हणून दूध आटत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने ते ६ आठवड्यांनंतरच घ्यायचं. टोचलेली जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन मुदतीआधी संपतं. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची सवयच असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाळी वेडीवाकडी येते, डाग पडत राहतात, आणि काही महिन्यांनी पुष्कळ जणींची पाळी बंदच होते. अंगात रक्त साठतं वगैरे काही नसतं. आतलं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे जायला काही नसतं. डाग पाहून घाबरून दुसरं इंजेक्शन सोडणाऱ्या जणी खूप, आणि त्यांचंच संरक्षण तुटतं. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा: शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. वर्षभरातच दुसरं मूल हवं असेल तर अंतरा घेऊ नका.

*छाया.* ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ती गर्भाशयाच्या अस्तरावर काम करते आणि फळलेलं बीज तिथे रुजू देत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. रविवारी सुरू केली तर पहिले ३ महिने रविवार आणि बुधवार, पुढे फक्त रविवार. १०० पैकी एक-दोन जणींना दिवस जातात. यातला सापळा म्हणजे चुकलेली गोळी. आठवताच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. ७ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा आठवड्यातून दोनदापासून सुरुवात. अंडाशयात गाठी असतील, अलीकडे कावीळ झाली असेल, टीबी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही गोळी नको.

*निरोध.* कधीही चालतो. दूध पाजताना योनीमार्ग कोरडा राहतो, त्यामुळे दुखतं आणि निरोध फाटतोही. त्यावर घरातलं खोबरेल तेल लावू नका, तेलाने रबर खराब होतं. मेडिकलमध्ये पाण्यासारखी जेली मिळते, ती वापरा.

ऑपरेशनचं थोडक्यात: बाईचं टाक्याचं ऑपरेशन बाळंतपणानंतर ७ दिवसांच्या आत किंवा ६ आठवड्यांनी होतं, दुर्बिणीचं ६ आठवड्यांनंतरच. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी याहून सोपी आणि जास्त खात्रीची आहे, फक्त पहिले ३ महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. नुकतंच पोट फाडून झालेल्या बाईलाच पुन्हा टेबलावर झोपवण्याआधी घरात हा विषय निघाला पाहिजे. मूल नको हे कायमचं ठरलं असेल तरच.

५. गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचा

नवरा मेडिकलमधून "पाळणा लांबवायच्या गोळ्या" आणतो, तेव्हा बहुतेक वेळा माला-डी किंवा तसलंच पाकीट हातात पडतं. सरकारी केंद्रातल्या मोफत पाकिटाचं नाव माला-एन. गोळी वाईट नाही, तुमची वेळ चुकीची आहे. पाकिटाच्या मागे घटक बारीक अक्षरात लिहिलेले असतात. तिथे लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम अशी दोन नावं दिसली की ते पाकीट बाजूला ठेवा. दुसरं नाव इस्ट्रोजेनचं आहे. त्याने दूध कमी होऊ शकतं, आणि पहिल्या ६ आठवड्यांत तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अंगावर पाजत असाल तर ६ महिने ही गोळी नको.

निरोध फाटला तर घ्यायची तातडीची गोळी वेगळी. तिच्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम एवढंच असतं. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि घेतल्यावरही बाळाला पाजता येतं. दर महिन्याची सोय म्हणून ती वापरायची नाही.

६. एक उदाहरण तारखांसकट

माझ्या जावेचं सीझर ३ मार्चला झालं. बाळंतपणात तांबी बसवायला तिने नकार दिला होता. आधीपासून पाळी खूप जायची, हिमोग्लोबिनही कमी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती जुलैत कामावर परतणार होती. दुसरं मूल हवं होतं, पण तीन वर्षांनी.

६ आठवडे १४ एप्रिलला पूर्ण झाले. त्या दिवसापर्यंत बाळ फक्त अंगावर होतं, पाळी नव्हती, म्हणजे दुधाच्या तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. पण जुलैत दिवसाचे आठ-नऊ तास ती कारखान्यात असणार, म्हणजे तेव्हा हा भरवसा संपणार होता. तांबीने रक्तस्राव वाढला असता. माला-एन सप्टेंबरपर्यंत नाही. उरल्या अंतरा आणि छाया. गोळीचा वार लक्षात राहणार नाही, असं ती स्वतःच म्हणाली.

बाळाच्या दीड महिन्याच्या डोसाच्या दिवशीच तिने अंतरा घेतलं. आधी ब्लडप्रेशर तपासलं, स्तनात गाठ आहे का, विनाकारण रक्त जातं का, हे विचारलं. दुधाच्या अटी पुऱ्या असल्याने त्या दिवशी गर्भाची वेगळी तपासणी लागली नाही आणि मधल्या काळासाठी निरोधही लागला नाही. पुढची तारीख १४ जुलै. ही तारीख २ आठवडे आधी, म्हणजे ३० जूनपासून, आणि ४ आठवडे उशिरा, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत चालते. ११ ऑगस्ट उलटला असता तर गर्भ नाही याची आधी खात्री करावी लागली असती. कामावर रुजू होण्याच्या गडबडीत तारीख निसटू नये म्हणून तिने ३० जूनलाच सुई घेतली, आणि पुढचे तीन महिने त्या दिवसापासून मोजले.

तीन वर्षांनी मूल हवं, म्हणजे शेवटचं इंजेक्शन त्याच्या बरंच आधी थांबवायचं, हे तिने अंतराच्या कार्डावरच पेनाने लिहून ठेवलं आहे. बाळंतपणापासून पुढचे दिवस जाईपर्यंत किमान २४ महिन्यांचं अंतर ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; सीझर झालेल्या बाईने ते आणखी गांभीर्याने घ्यावं, कारण कच्च्या टाक्यावर ताण येतो.

७. जाताना काय न्यावं

सिव्हिल असो की महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र, पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, आधार कार्ड आणि शेवटचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट असू द्या. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या, नावं सांगत बसू नका. टीबी किंवा फिट्सच्या काही औषधांनी गर्भनिरोधक गोळ्या कमी पडतात, त्यामुळे ती चालू असतील तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.

जे दिलं त्याची पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि घरी आल्यावर ती कॅलेंडरवर उतरवा. त्रास झाला तर कुणाला भेटायचं हेही तिथेच विचारा.

८. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना

तांबीनंतर थंडी वाजून ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात वाढत जाणारी कळ, किंवा तांबीचा कडक भाग हाताला लागणं. कोणत्याही पद्धतीत तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव. एका पिंढरीला सूज येऊन ती दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं. हे बाळंतपणानंतर काहीही वापरत नसलेल्या बाईलाही होऊ शकतं. आणि पाळी नसताना मळमळ, चक्कर, बाळाने पिणं अचानक नाकारणं असं काही वाटलं तर मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणून सकाळच्या पहिल्या लघवीत बघा. पट्टीवर दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला दुखत असेल, विशेषतः तांबी असताना, तर गर्भ नळीत असू शकतो. मग सकाळची वाट न पाहता निघा.